रेकॉर्डिंग मध्येच तुटले आणि फाइल उघडेना: मेमरी कार्डावरचा अर्धवट व्हिडिओ परत मिळवण्याची पद्धत

फाइल कार्डावर दिसते, तिचा आकार कित्येक जीबी आहे, पण ती कोणत्याही प्लेअरमध्ये चालत नाही. कॅमेऱ्यात तिच्या जागी चित्राऐवजी प्रश्नचिन्ह किंवा काळा चौकोन दिसतो, संगणकावर तिची लांबी शून्य सेकंद येते किंवा येतच नाही, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली तर ते ती स्वीकारत नाही. त्याच कार्डावरच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइली मात्र व्यवस्थित चालतात. ही सर्व लक्षणे एकत्र दिसत असतील, आणि ते रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली, कार्ड निघाले किंवा कॅमेरा अडकून बंद पडला असे आठवत असेल, तर पुढील मजकूर त्याच दोषाबद्दल आहे.

मिळतीजुळती वाटणारी तीन लक्षणे वेगळी ओळखावीत. आवाज येतो पण चित्र काळे राहते, हे एक. व्हिडिओ अर्ध्यापर्यंत चालतो आणि मग गोठतो, हे दुसरे. फाइलचे नाव दिसते पण आकार ० बाइट आहे, हे तिसरे. या तिन्हींची कारणे निराळी आहेत आणि त्यांचा उल्लेख त्या त्या ठिकाणी केला आहे.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. लग्नसराईत आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेनंतर अशा फाइली घेऊन कोणी ना कोणी येतेच. या लेखातील उदाहरण गेल्या लग्नसराईतले आहे. कागल रस्त्यावरच्या एका कार्यालयात मंगलाष्टके संपल्याबरोबर शूटिंग करणाऱ्या मुलाने बॅटरी बदलण्यासाठी कॅमेऱ्याचे खालचे झाकण उघडले. त्या कॅमेऱ्यात बॅटरी आणि कार्ड एकाच झाकणाखाली आहेत. "दादा, लाल दिवा अजून लुकलुकत होता की, आणि मी झाकण उघडलं," एवढेच तो सांगू शकला. अक्षतांची संपूर्ण फाइल, C0047.MP4, उघडत नव्हती.

सर्वांत आधी: कार्डावर काहीही लिहू देऊ नये

याला पैसे लागत नाहीत आणि पुढचे सर्व काही यावर अवलंबून आहे. त्या कार्डावर पुन्हा शूटिंग करू नये, फॉरमॅट करू नये, आणि "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे" असे विंडोजने विचारले तर नकार द्यावा. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला छोटी खिट्टी असते. ती खाली सरकवून कार्ड लॉक करावे. कार्ड नुसते लावले तरी विंडोज आणि मॅक दोन्ही त्यावर आपले छोटे फोल्डर तयार करतात, आणि ज्या मोकळ्या जागेत आपला न नोंदलेला व्हिडिओ पडून असू शकतो, नेमक्या त्याच जागेवर ते लिहिले जाऊ शकतात. ही खिट्टी म्हणजे खरे कुलूप नव्हे. ती पाहून रीडरने लिहिणे टाळायचे असते, आणि प्रत्येक रीडर ते पाळतोच असे नाही. मायक्रोएसडी कार्डाला खिट्टी नसते. ते अडॅप्टरमध्ये घालून अडॅप्टरची खिट्टी लावावी.

विंडोजमधील चेकडिस्क या टप्प्यावर चालवू नये. अनेक जण सांगतात म्हणून लोक ते आधी चालवतात. त्याचे काम फाइलव्यवस्था सुसंगत करणे एवढेच आहे, तुमचा व्हिडिओ वाचवणे नाही. त्यासाठी ते नोंदी कापते, उरलेले तुकडे FOUND.000 नावाच्या फोल्डरमध्ये .CHK फाइली करून टाकते, आणि हे सर्व मूळ कार्डावरच लिहिते.

फाइल खरोखर बिघडली आहे का

आवाज येतो पण चित्र येत नाही, तर बहुधा फाइल चांगली आहे आणि प्लेअरला तिची भाषा येत नाही. अलीकडचे अनेक कॅमेरे एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ पद्धतीने रेकॉर्ड करतात आणि सर्वच संगणकांत त्याचा कोडेक नसतो. व्हीएलसीमध्ये तीच फाइल उघडून पाहावी. तेथे चालली तर प्रश्न संपला.

व्हिडिओ अर्ध्यावर गोठत असेल तर कॉपी अपुरी आहे का ते पाहावे. कार्डावरच्या फाइलचा आकार आणि संगणकावरच्या प्रतीचा आकार बाइटमध्ये ताडून पाहावा, "११.८ जीबी" असा गोळाबेरीज आकडा पुरत नाही. फरक असल्यास दुसरा रीडर आणि दुसरी केबल घेऊन पुन्हा कॉपी करावी. आकार समान असूनही एकाच ठिकाणी गोठत असेल, तर दुसऱ्या रीडरने काढलेली प्रत त्याच जागी अडते का हे पाहिल्यावर दोष कार्डाचा की रीडरचा ते कळते.

जोतिबाच्या डोंगरावरून आलेल्या कार्डांच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट करतो. गुलाल इतका बारीक असतो की तो कॅमेऱ्याच्या खाचेत आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतो, आणि कॉपी चालू असताना रीडर मध्येच कार्ड सोडून देतो. पट्ट्या उजेडात तिरक्या धरून पाहिल्या की गुलाबी थर दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने त्या पुसाव्यात, पाच मिनिटे वाळू द्याव्यात आणि मग कार्ड लावावे. खोडरबराने घासू नये. त्याने मुलामा झिजतो.

आता निदान पक्के करण्यासाठी एफएफएमपेग या मोफत संचातील एक आज्ञा पुरते.

```
ffprobe C0047.MP4
```

आपल्या उदाहरणात उत्तर आले: `moov atom not found`. हा दोष नेमका काय आहे हे समजले म्हणजे त्यापुढची प्रत्येक पायरी का घ्यायची ते आपोआप कळते.

एमपी४ किंवा एमओव्ही फाइलमध्ये साधारण तीन मोठे कप्पे असतात. सुरुवातीला `ftyp` हा छोटा कप्पा, ज्यात फाइलचा प्रकार लिहिलेला असतो. मग `mdat`, ज्यात चित्र आणि आवाज यांचा सगळा माल आलटून पालटून भरलेला असतो. आणि बहुतेक कॅमेऱ्यांत सर्वांत शेवटी `moov`, म्हणजे अनुक्रमणिका. कोणती फ्रेम कोठे सुरू होते, ती किती बाइटची आहे, किती वेळ दाखवायची, आवाजाचा कोणता तुकडा तिच्यासोबत वाजवायचा आणि चित्र उलगडण्यासाठी डिकोडरला कोणती प्राथमिक माहिती लागते, हे सर्व तेथे असते. रेकॉर्डिंग संपेपर्यंत हे आकडे पूर्ण होत नाहीत, म्हणून तुम्ही थांबण्याचे बटण दाबल्यानंतर कॅमेरा ते लिहितो. लाल दिवा लुकलुकत असतो तेव्हा हेच चालू असते. त्या क्षणी वीज तुटली की माल कार्डावर राहतो आणि अनुक्रमणिका जन्मालाच येत नाही.

यामुळेच प्लेअर बदलून, फाइलचे नाव बदलून किंवा ऑनलाइन कन्व्हर्टरला देऊन काही होत नाही. कन्व्हर्टरलाही वाचण्यासाठी आधी अनुक्रमणिका लागते.

कार्डाची संपूर्ण प्रत

फाइल कॉपी करणे वेगळे आणि कार्डाची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत प्रत घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मोकळी समजली जाणारी जागाही येते. ६४ जीबीच्या कार्डासाठी संगणकावर तेवढी पूर्ण जागा आणि वर दुरुस्त फाइलपुरती जागा मोकळी हवी. मी लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरतो.

```
lsblk
sudo ddrescue -d /dev/sdb card.img card.map
```

पहिल्या आज्ञेने कार्डाचे नाव कोणते ते आकारावरून ओळखावे. माझ्याकडे ते `sdb` होते, तुमच्याकडे वेगळे असू शकते. आधी कोठून वाचायचे आणि मग कोठे लिहायचे, हा क्रम उलटा होता कामा नये, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी ओळ एकदा मोठ्याने वाचावी. या साधनाचा मोठा फायदा असा की वाचता न येणाऱ्या जागेवर ते अडून राहत नाही. आधी चांगला भाग उचलते, खराब जागांची नोंद `card.map` मध्ये ठेवते आणि मध्ये थांबवले तरी तेथूनच पुढे जाते. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर या मोफत साधनातील Read हे बटण हेच काम करते, पण कार्डात वाचनदोष असतील तर ते थांबते. Write या शेजारच्या बटणापासून हात दूर ठेवावा. तयार झालेली इमेज विंडोजवर ओएसएफमाउंटने केवळ वाचण्यासाठी उघडता येते.

येथून पुढचे सर्व प्रयोग या प्रतीवर करावेत आणि मूळ कार्ड डबीत ठेवावे. याला एकच अपवाद आहे.

कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालणे

अनेक कॅमेऱ्यांत तुटलेले रेकॉर्डिंग पूर्ण करण्याची सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी लावून, ज्या कॅमेऱ्यात हे घडले त्याच कॅमेऱ्यात, खिट्टी उघडून कार्ड घालावे आणि तो दुरुस्तीबद्दल काही विचारतो का ते पाहावे. विचारले तर होकार द्यावा आणि दिवा पूर्ण विझेपर्यंत हात लावू नये. आपण आपली फाइल कशी लिहितो हे कॅमेऱ्याला सर्वांत चांगले ठाऊक असते, त्यामुळे हे जमले तर निकाल इतर कोणत्याही साधनापेक्षा स्वच्छ मिळतो. पायरी सोपी आणि फुकट असूनही मी ती प्रतीनंतर ठेवली आहे, कारण कॅमेरा ही दुरुस्ती मूळ कार्डावर लिहून करतो. ती फसली तर मागे जाण्यासाठी प्रत हाताशी असावी. दुरुस्तीऐवजी कॅमेऱ्याने फॉरमॅट सुचवले तर नाही म्हणून कार्ड बाहेर काढावे.

आमच्या उदाहरणात कॅमेऱ्याने फक्त आपली चित्रांची यादी नव्याने बांधली. C0047 तशीच राहिली.

आत माल आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे

ही पायरी बहुतेक लोक वगळतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पैसे आणि रात्री खर्च करण्यापूर्वी आशा आहे की नाही हे ती सांगते.

प्रथम आकारावरून अंदाज घ्यावा. त्या दिवशी कॅमेरा ४केमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम आणि १०० मेगाबिटच्या वेगाने रेकॉर्ड करत होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणि मिनिटाला साधारण ७५०. फाइल १२,७०० मेगाबाइटची होती. भागाकार केल्यावर सुमारे १७ मिनिटे येतात, आणि मुलाच्या आठवणीप्रमाणे रेकॉर्डिंगही तेवढेच होते. म्हणजे निदान जागा तरी पूर्ण धरली गेली होती.

पण जागा धरली गेली म्हणजे ती भरली गेली असे नव्हे. म्हणून सुरुवातीचे आणि मधले बाइट पाहावेत.

```
xxd -l 64 C0047.MP4
xxd -s 6000000000 -l 128 C0047.MP4
```

विंडोजवर एचएक्सडी या मोफत हेक्स एडिटरमध्ये हेच दिसते. पहिल्या ओळीत उजवीकडच्या अक्षरांत `ftyp` वाचता आले पाहिजे. मधल्या भागात मात्र काहीही अर्थ न लागणारी, सतत बदलणारी आकडे-अक्षरे दिसली पाहिजेत. दाबून लहान केलेला व्हिडिओ असाच दिसतो आणि तेथे गोंधळ दिसणे हेच शुभलक्षण आहे. त्याऐवजी ओळीमागून ओळ नुसती `0000` किंवा नुसती `ffff` दिसत असेल, तर चार-पाच निरनिराळ्या जागा तपासाव्यात. सगळीकडे तेच असेल तर त्या जागेवर व्हिडिओ नाहीच, आणि जे नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर तयार करू शकत नाही. एका ठरावीक अंतरापर्यंत माल आणि त्यापुढे सर्व फाइलींत शून्ये, असे दिसले तर कार्ड बनावट असण्याची शंका घ्यावी: आत १६ जीबी, वर छापलेले १२८. अशा कार्डाची खात्री सर्व डेटा काढून झाल्यावरच एच२टेस्टडब्ल्यूने करावी, कारण ती चाचणी कार्डाची मोकळी जागा पूर्ण लिहून काढते.

C0047 मध्ये तीन ठिकाणी पाहिले. तिन्ही ठिकाणी गच्च माल होता.

नमुना फाइलवरून अनुक्रमणिका नव्याने बांधणे

अनट्रंक नावाचे मोफत साधन हे काम करते. विंडोजसाठी त्याची खिडकीवाली आवृत्तीही मिळते. त्याला दोन फाइली द्याव्या लागतात: आधी त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल आणि मग बिघडलेली.

```
untrunc namuna.MP4 C0047.MP4
```

चांगल्या फाइलच्या अनुक्रमणिकेतून ते डिकोडरची प्राथमिक माहिती आणि आवाजाची मांडणी उचलते. मग बिघडलेल्या फाइलच्या मालातून पावलोपावली चालत जाते. हा तुकडा चित्राचा की आवाजाचा, तो किती लांबीचा, हे ओळखत नवी अनुक्रमणिका लिहिते आणि मूळ फाइलला हात न लावता शेजारी नवी फाइल तयार करते.

सगळे यश नमुन्यावर अवलंबून आहे, आणि येथेच माझी पहिली फेरी वाया गेली. त्याच कार्डावर C0031.MP4 ही वरातीची चांगली फाइल होती; तीच नमुना म्हणून दिली. फाइल तयार झाली, उघडली, आणि क्षणभर सुटल्यासारखे वाटले. पण मंगलाष्टकांचा आवाज संथ चालला होता आणि पडद्यावर अक्षता भराभर पडत होत्या. साडेआठ मिनिटांच्या आतच चित्र संपले आणि आवाज पुढे चालूच राहिला. वरात सेकंदाला ५० फ्रेमने घेतलेली होती, अक्षता २५ ने. फ्रेम किती वेळ दाखवायची हे साधनाने नमुन्यावरून घेतले, म्हणून चित्राचा वेळ निम्मा झाला. असे दिसले तर फाइल वाया गेली असे समजू नये. नमुना चुकला आहे एवढेच समजावे.

योग्य नमुना म्हणजे तोच कॅमेरा, तेच रिझोल्यूशन, तेवढ्याच फ्रेम, तोच बिटरेट, तोच कोडेक आणि आवाजाच्या त्याच सेटिंग्ज. शंका असेल तर कॅमेरा मागवून घ्यावा, दुसऱ्या कार्डावर त्याच सेटिंगने दोन-तीन मिनिटे शूटिंग करावे आणि बटण दाबून नीट बंद करावे. त्या मुलाने संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर उभे राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला आणि कार्ड आणून दिले. तो नमुना देऊन मिळालेली फाइल १६ मिनिटे ४१ सेकंदांची निघाली. शेवटचे काही सेकंद मिळाले नाहीत, कारण ते कॅमेऱ्याच्या अंतर्गत मेमरीतून कार्डावर उतरण्याआधीच वीज तुटली होती. ते कोठूनही येणार नाहीत.

फाइल मिळाल्यावर ती सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पाहावी आणि तेथे ओठ व आवाज जुळतात का ते तपासावे; लग्नात अंतरपाट दूर होतो तेव्हाच्या टाळ्या यासाठी उत्तम. पूर्ण फाइलमध्ये दडलेले दोष शोधायचे असतील तर ही आज्ञा संपूर्ण व्हिडिओ उलगडून पाहते आणि केवळ चुका छापते:

```
ffmpeg -v error -i C0047_fixed.MP4 -f null -
```

एखाद-दुसरी चूक आली तर तेवढ्या फ्रेम एडिटिंगमध्ये झाकता येतात. चुकांची रांगच लागली तर पुन्हा नमुन्याकडे वळावे.

आकार ० बाइट असेल तर

येथे अनुक्रमणिकेबरोबर फाइलव्यवस्थेतील नोंदही अपुरी राहिली आहे. माल असलाच तर मोकळ्या जागेत आहे. कार्डाच्या इमेजवर फोटोरेक चालवावे. ते नावांकडे दुर्लक्ष करून मालाच्या खुणा शोधते. अनुक्रमणिका नसलेला तुकडा मिळाला तर तो बिघडलेली फाइल म्हणून अनट्रंकला द्यावा. फॉरमॅट करून मग वापरलेल्या कार्डावर माल सलग असतो आणि हे बऱ्याचदा जमते. मधल्या क्लिप काढून टाकत वापरलेल्या कार्डावर तो तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो, आणि काही ॲक्शन कॅमेरे मोठ्या व्हिडिओसोबत लहान आकाराची प्रतही त्याच वेळी लिहितात, त्यामुळे दोघांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी घरगुती साधनांनी काही मिनिटे मिळतात आणि बाकीचा चिखल होतो.

कोठे थांबावे

कार्ड कोणत्याच रीडरवर दिसत नसेल, ६४ जीबीच्या कार्डाचा आकार शून्य किंवा काही मेगाबाइट दाखवत असेल, हातात घेतल्यावर तापलेले लागत असेल, त्याला चीर गेली असेल, किंवा डीडीरेस्क्यूमध्ये खराब जागांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत असेल, तर त्याच क्षणी कार्ड बाहेर काढावे. दोष आता फाइलचा नसून कार्डाचा आहे, आणि प्रत्येक नवा प्रयत्न उरलेले वाचन कमी करतो. अशा कार्डातील चिपवरून थेट वाचण्यासाठी सूक्ष्मदर्शक, बारीक सोल्डरिंग आणि त्या कंट्रोलरची माहिती लागते. ते काम पुण्या-मुंबईतील डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचे आहे, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीचे किंवा माझे नाही.

कार्ड ठीक आहे, मधल्या भागात माल आहे, नमुना तंतोतंत आहे आणि तरीही दोन प्रयत्नांत चित्र जुळत नाही, तेव्हाही थांबावे. त्या कॅमेऱ्याची मांडणी साधनाला कळत नाही एवढाच याचा अर्थ, आणि व्हिडिओ दुरुस्तीचे काम करणारा माणूस ती हाताने लावू शकतो. त्याला मूळ कार्ड नव्हे, तर बिघडलेली फाइल आणि नमुना द्यावा, कॅमेऱ्याचे मॉडेल आणि सेटिंग लिहून द्यावे, आणि दुरुस्त झालेल्या व्हिडिओचा एक-दोन मिनिटांचा तुकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकतच्या सॉफ्टवेअरबाबतही हाच नियम पाळावा; पूर्वदर्शनात चित्र आणि आवाज जुळलेले दिसत नसतील तर परवाना घेऊन ते जुळणार नाहीत.

यजमानांना निकाल सांगायचा असतो, तोपर्यंत मूळ कार्ड खिट्टी लावून, वर तारीख आणि फाइलचे नाव लिहून बाजूला ठेवावे. व्हिडिओ दोन वेगवेगळ्या डिस्कवर पोहोचेपर्यंत ते पुन्हा कॅमेऱ्यात जाऊ नये.